‘क्लिक करून बघा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नवं टूल वापरण्याआधी इंटर्नने पहिल्या आठवड्यात त्याचं डॉक्युमेंटेशन वाचावं, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: “इंटर्नने पहिल्या आठवड्यात डॉक्युमेंटेशन वाचत बसणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. टूल उघडा, क्लिक करा, आपोआप येतं. लेखात एक स्क्रीनशॉट नाही. आणि प्रत्येक कंपनीचा सेटअप वेगळा असतो, त्याचं काय? असले सल्ले लिहिण्याआधी जरा काम करून बघा.”

शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. मतभेद असू द्या, पण मी काम केलेलंच नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? स्क्रीनशॉट हवे होते, हे मान्य. ते टाकतो.

आता ‘क्लिक करा, आपोआप येतं’ याबद्दल. मी स्वतः इंटर्न म्हणून रुजू झालो तेव्हा सेल्सफोर्स हे ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचं टूल कधी पाहिलंही नव्हतं. त्यात लीडच्या, म्हणजे संभाव्य ग्राहकाच्या नोंदीच्या, पानावर Convert बटण दिसतं. ते दाबलं की एका लीडमधून अकाउंट आणि कॉन्टॅक्ट तयार होतात, हवी असल्यास ऑपॉर्च्युनिटी, म्हणजे संभाव्य विक्रीची नोंदही. कंपनीचं नाव अकाउंटवर जातं, माणसाचं नाव, फोन, ईमेल कॉन्टॅक्टवर. सगळं सुरळीत दिसतं.

पण आमच्या लीडवर ‘फोन करण्याची सोयीची वेळ’ असं कंपनीने स्वतः बनवलेलं एक फील्ड होतं. अशा फील्डचं मॅपिंग, म्हणजे त्यातली माहिती नव्या रेकॉर्डच्या कोणत्या फील्डमध्ये जायची याची जोडणी, केलेलं नसेल तर त्यातली माहिती नव्या रेकॉर्डवर येत नाही. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. वर कन्व्हर्ट झालेलं लीड खास परवानगीशिवाय उघडता येत नाही आणि त्या स्क्रीनवरून पुन्हा साधं लीडही करता येत नाही. मॅपिंग नंतर केलं तरी ते पुढच्या कन्व्हर्जनलाच लागू होतं. यातलं काय त्या बटणावर लिहिलेलं असतं, सांगा. हे मला डॉक्युमेंटेशनमधल्या लीड कन्व्हर्जनच्या मर्यादा सांगणाऱ्या पानावर सापडलं, म्हणूनच बटण दाबायच्या आधी मी अॅडमिनला विचारू शकलो.

आणि नुसतं वाचत बसा असं मी कुठेही लिहिलेलं नाही! वाचलेलं सँडबॉक्समध्ये, म्हणजे खऱ्या कामापासून वेगळ्या ठेवलेल्या चाचणीच्या प्रतीत, पडताळायचं. एक खोटं लीड घ्यायचं, कंपनीने बनवलेल्या प्रत्येक फील्डमध्ये वेगळा, चटकन ओळखू येईल असा मजकूर भरायचा, मग Convert करून तो मजकूर नव्या रेकॉर्डवर शोधायचा. जो सापडणार नाही, त्याचं मॅपिंग राहिलेलं आहे. अॅडमिनला ते Setup मध्ये Object Manager → Lead → Fields & Relationships → Map Lead Fields इथे करता येतं. क्लिक मीही करतोच की, फक्त काय शोधायचं ते ठरवून.

सेटअप वेगळा असतो हे कुणाला ठाऊक नाही? त्यावर वेगळा लेख लागेल, इथे तो विषयच नव्हता. पुढच्या वेळी आक्षेप जरूर घ्या, पण लेख शेवटपर्यंत वाचून.