कच्च्या कॉफीला मिळालेल्या एका ताऱ्याबद्दल

★ "अर्धा किलो कच्ची कॉफी घेतली. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे बरोबर 12 मिनिटं कढईत भाजली. अर्धे दाणे कोळसा, अर्धे आतून कच्चे. आवाज येतो म्हणे, तो कधी आला तेही कळलं नाही. 420 रुपये पाण्यात. जळगावात कॉफीच्या नादी लागू नका."

नमस्कार भाऊ. कॉफी बिघडली, तुमचा रविवार वाया गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दुकान लहान आहे, असा एक तारा पडला की आठवडाभर जाणवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. राग मानू नका.

बाकी सगळं सोडून देतो, पण "बरोबर 12 मिनिटं" हे मात्र मनाला लागलं. चिठ्ठीवर 12 मिनिटं आहेत ती 150 ग्रॅमसाठी. ते खाली बारीक अक्षरात आहे, हे कबूल. पण तुम्हीच काउंटरवर सांगितलंत की आख्खं पाकीट एकदम ओतलं. अर्धा किलो दाण्यांचा कढईत तीन बोटं थर होतो. उलथण्याने कितीही हलवा, तळाचे जळतात आणि वरचे नुसते गरम होतात. शेंगदाणेसुद्धा असे भाजत नाहीत, आणि आमच्याकडे तर वडिलांच्या वेळेपासून फुटाण्याची भट्टी होती.

तुम्ही डबा ठेवून गेलात, मग मी दाणे ताटात ओतले. काही काळेभोर, तेलाने चमकणारे. बाकीचे वरून तपकिरी. त्यातला एक अडकित्त्यात धरून फोडला, तर आत फिकट पिवळट आणि चिवट. नीट भाजलेला दाणा कट्‌कन मोडतो आणि आतबाहेर साधारण एकाच रंगाचा असतो. मोठ्या आचेवर वरची बाजू करपली आणि उष्णता आत पोचायला वेळच मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आवाजाचंही तेच. त्याच पोत्यातले 150 ग्रॅम मी संध्याकाळी जाड लोखंडी कढईत, मध्यम आचेवर भाजले. पहिली चार-पाच मिनिटं काहीच ऐकू येत नाही. आतलं पाणी निघत असतं, वास ओल्या कडब्यासारखा. मग दाणे पिवळे होतात आणि भाकरी भाजल्याचा वास सुटतो. नवव्या मिनिटाला टक्, टक् सुरू झालं, ज्वारीच्या लाह्या फुटतात तसं. हा पहिला तडका. आत कोंडलेल्या वाफेने दाणा फुटतो, फुगतो आणि फोलपटं उडतात. इथे आच कमी करायची, कारण यापुढे दाण्याची स्वतःची उष्णताही भर घालते. दुसरा तडका यानंतर येतो, तो बारीक आणि भराभर, वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा; तेल वर येतं ते त्याच सुमाराला. तुमच्या कढईत तळाचे दाणे दुसऱ्यावर पोचले तेव्हा वरच्यांचा पहिलाही झाला नव्हता. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले, मग कळणार कसं? आणि घड्याळ नुसतं अंदाजापुरतं. तुमचा गॅस, तुमची कढई माझ्यासारखी थोडीच असणार.

मी पहिला तडका विरळ झाला तसा, अकराव्या मिनिटाला गॅस बंद केला आणि लगेच दाणे मोठ्या चाळणीत ओतून टेबलफॅनखाली धरले. चार मिनिटांत हाताला सोसवतील इतके झाले. जळगावची हवा त्रेचाळीस अंश असली तरी दाणे दोनशेच्या वर असतात, त्यामुळे त्या हवेनेही निवतात. सुपात पाखडून फोलपट काढलं आणि वजन केलं: 128 ग्रॅम. तुम्ही काय केलंत? "वास उडून जाऊ नये" म्हणून गॅस बंद करून वर झाकण ठेवलंत. भाऊ, गॅस बंद झाला म्हणजे भाजणं थांबलं असं नसतं. तापलेलं लोखंड आणि वर कोंडलेला धूर, दाणे आत भाजतच राहिले. तुमच्या कोळशातला निम्मा कोळसा या झाकणाखाली झाला असणार. (आणि भाजलेल्या दिवशीच दळून प्यालात तर चव तशीही कच्चीच लागते. एक दिवस तरी ठेवायला हवी.)

कढईत कंपनीच्या यंत्रासारखा एकसारखा रंग येत नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. थोडे गडद, थोडे फिके राहणारच. पण कोळसा नाही.

चिठ्ठीवरची अक्षरं मोठी करायचं बघतो, नवीन छपाई आली की. 150 ग्रॅम दाणे तुमच्यासाठी बाजूला काढलेत, पैसे नकोत. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या, माझ्यासमोर भाजा. आणि तुमचा स्टीलचा डबा घासून काउंटरखाली ठेवलाय, तेवढा घेऊन जा.