दुभाषी सोबत असेल तर भाषण कसं लिहावं

परदेशी पाहुण्यांपुढे मराठीत बोलणार असाल, तर थांबायच्या जागा कागदावर आधीच ठरवून घ्या. मी शेतकरी गटांच्या कार्यक्रमांत मराठी-इंग्रजी दुभाषी म्हणून उभा राहतो. भाषांतर फसलं की सगळे माझ्याकडे बघतात, पण बरेचदा ते भाषण लिहितानाच फसलेलं असतं.

आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. 'पाणी कमी पडलं म्हणून आम्ही द्राक्षबागा काढून टाकल्या...' म्हणून वक्ता झोकात थांबतो. मी तेवढं इंग्रजीत सांगून मोकळा होतो. मग साहेब गरजतात, 'असं मुळीच नाही!' मंडपात टाळ्या पडतात आणि पाहुणे चक्रावतात, कारण त्यांच्या लेखी बागा केव्हाच उपटल्या गेल्यात. टाळीसाठी अर्ध्या वाक्यात थांबायची ही सवय इथे सोडावीच लागते.

आता समजा, कागदावर असं वाक्य आहे: 'दुष्काळात ज्यांच्या विहिरी आटल्या आणि ज्यांना टँकर परवडत नव्हते अशा दीडशे शेतकऱ्यांनी मिळून जी शेततळी खोदली, त्यांच्यावर आज ४०० एकर बाग भिजते.' कोणी काय केलं हे कळेपर्यंत विहिरी, टँकर, दीडशे, सगळं मला डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यापेक्षा असं लिहा: 'दुष्काळात विहिरी आटल्या. टँकर परवडत नव्हते.' इथे दोन उभ्या रेघा मारा, थांबा. 'मग दीडशे शेतकरी एकत्र आले. त्यांनी शेततळी खोदली.' परत रेघा. 'आज त्या पाण्यावर ४०० एकर बाग भिजते.'

मात्र प्रत्येक वाक्याला थांबू नका. त्यानेही सूत्र तुटतं, आणि बोलणं कुठे चाललंय हे मलाच कळेनासं होतं. एका मुद्द्याची दोन-तीन वाक्यं सलग बोला, आवाज खाली आणा, माझ्याकडे बघा. माझं संपल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका टप्प्यात एकच आकडा ठेवा. अडीच कोटी म्हणजे २५ मिलियन, ४०० एकर म्हणजे जवळपास १६२ हेक्टर, हे हिशेब माइकसमोर करायला लावू नका. आकडे आणि नावं आदल्या दिवशी चिठ्ठीवर द्या.

वेळेचं तर कुणी लक्षातच घेत नाही. वीस मिनिटं मिळाली असतील तर तुमची साधारण दहाच, बाकीची माझी. तेव्हा मजकूर निम्मा करा. नाहीतर मध्येच 'आवरा' अशी चिठ्ठी येते, वक्ता वेग वाढवतो आणि पहिला बळी थांब्यांचा जातो. कापायला सुरुवात कुठून करायची? 'सन्माननीय व्यासपीठ'पासूनच. पंधरा मान्यवरांची नावं पाहुण्यांना दोनदा ऐकवायची काहीच गरज नसते.