राउटर बंद करा, चालू करा आणि मीटरकडे मुळीच बघू नका

महिना संपत आला, व्हिडिओच्या मधोमध भिंगरी फिरायला लागली, की पहिला संशय राउटरवरच घ्यायचा. महिन्याची डेटा मर्यादा संपली म्हणून कंपनीनेच एफयूपी नावाच्या धोरणाखाली वेग उतरवला असेल, असा विचारही मनात आणू नका. त्याला कपाटावरून उचलून खिडकीत ठेवा, अँटेना कधी उभ्या करा, कधी आडव्या. फोनच्या सेटिंगमध्ये वायफायचा लिंक स्पीड ४३३ एमबीपीएस दिसेल. म्हणजे घरातल्या घरात हवा ठणठणीत आहे, पण तिकडे दुर्लक्ष करा. बिचारा राउटर बोलत नाही, म्हणून तर त्याच्यावर आळ घ्यायला सोपा.

स्पीड टेस्ट मात्र एकदाच करा, तीही रात्री दहाला, आणि आकडा कुठेही लिहून ठेवू नका. लिहिलात तर घात होईल. समजा, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि मर्यादा संपल्यावरचा वेग २ एमबीपीएस. आता पहाटे चारला टेस्ट केलीत तर १.९२, दुपारी एकला १.९१, रात्री दहाला १.९३. तीन आकडे एकाखाली एक आले की शेंबडं पोरही ओळखेल. गर्दीमुळे मंदावलेली लाइन अशी वागत नाही: पहाटे ९० देते, रात्री सगळे एकदम बघायला बसले की ३५ वर येते, आणि त्या ३५ मध्येही दर सेकंदाला हेलकावे असतात. गर्दीला चढउतार असतो, धोरणाला नसतो. ते फळीसारखं सपाट असतं, आणि गोल आकड्याच्या जरासं खाली. जरासं खाली का, तर प्रत्येक पॅकेटच्या पत्त्याबित्त्याचं ओझंही त्याच २ एमबीपीएसमधून जातं.

(सपाट रेष दिसली म्हणजे एफयूपीच, असंही नाही. आकडा ९४ च्या आसपास अडकला असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर केबलमधली एखादी तार तुटलेली असू शकते. गिगाबिटची जोडणी मग १०० वर उतरते. पण तुमचा आकडा १.९ आहे. केबलला कशाला बोल लावता?)

आणखी एक धोका सुरुवातीच्या सेकंदांचा. बऱ्याच ठिकाणी हा लगाम बादलीच्या हिशोबाने चालतो. तुम्ही काही वापरत नसता तेव्हा बादलीत थोडी सवलत साठत जाते. वापर सुरू झाला की ती भसकन संपते आणि मग ठरलेल्या धारेवर यावं लागतं. म्हणून टेस्टचा काटा आधी १५-२० वर उडी मारतो आणि दोन सेकंदांत १.९ ला येऊन बसतो. साधं पान झटकन उघडतं, मोठी फाइल मात्र रांगत येते. तेव्हा उडी तेवढी बघा, "लाइन तशी चांगली आहे" म्हणा आणि टेस्ट बंद करा.

फोन आणि लॅपटॉपवर एकाच वेळी टेस्ट तर लावूच नका. एकावर १.१, दुसऱ्यावर ०.८ आलं, तर बेरीज पुन्हा तीच निघेल आणि लगाम उपकरणावर नसून अख्ख्या जोडणीवर आहे हे उघडं पडेल. लॅपटॉपला थेट केबल लावली तरी १.९ च येईल. अशाने राउटर निर्दोष सुटतो, मग रागवायचं कोणावर?

याउलट, मर्यादा संपायच्या आधी टेस्टचा सपाटा लावा. १०० एमबीपीएसवर दहा सेकंदांची एक टेस्ट म्हणजे निव्वळ डाउनलोडचेच सव्वाशे एमबी. दिवसाला दहा केल्या की सव्वा जीबी गेला, वेग तपासण्यातच. ढगात चढणारे फोटो आणि व्हिडिओही जोडीला राहू द्या. अनेक प्लॅनमध्ये अपलोडही मर्यादेत मोजला जातो. वापर दाखवणारं मीटर कंपनीच्या अॅपमध्ये असतं, ते उघडलं तर सगळा खेळच संपेल.

शेवटी बिलाची तारीख. ती महिन्याची १ तारीखच असते असं धरून चाला. तुमचं चक्र ११ ला सुरू होत असेल, तर १० च्या रात्री १.९ आणि ११ च्या सकाळीही १.९ दिसू शकतं, कारण मोजणी शून्यावर आली तरी काही ठिकाणी चालू सत्राला जुनाच वेग चिकटून राहतो. नवा वेग पुन्हा लॉगिन झाल्यावर लागतो. अशा वेळी चिडून राउटर बंद करा, दहापर्यंत मोजा आणि चालू करा. टेस्टवर ९३ उमटेल. मग घरभर सांगत सुटा: बघा, म्हटलं नव्हतं, राउटरचाच दोष होता!