भाडेकरूच्या घरी पाहणीला जायचंय? मग नीट कळवा

आमच्या सोसायटीतल्या एका घरमालकांचं परवा म्हणणं पडलं, "फ्लॅट माझा, मी कशाला परवानगी घेऊ? आणि कळवलं होतं की! निघताना मेसेज टाकला होता." फ्लॅट त्यांचाच, वाद नाही. पण लिव्ह अँड लायसन्सवर दिल्यापासून आत संसार दुसऱ्याचा चाललाय. कोथरूडचा आमचा जुना फ्लॅट आम्ही भाड्याने देतो, म्हणजे मीही घरमालकांच्याच गोटातली. तरी सांगते, निघताना टाकलेला मेसेज म्हणजे कळवणं नव्हे. ते फक्त पोहोचल्याची वर्दी देणं झालं.

आधी कायद्याचं, थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं २८वं कलम घरमालकाला पाहणीचा हक्क देतं. भाडेकरू असो की लायसन्सी, दोघांच्याही बाबतीत. पण त्याच वाक्यात दोन अटी आहेत: वेळ वाजवी हवी आणि सूचना आधी द्यायला हवी. किती तास आधी, ते तिथे लिहिलेलं नाही. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना काढला, त्यात मात्र किमान २४ तास आधी लेखी किंवा मेसेज-मेलने कळवा, कारण, तारीख आणि वेळ लिहा, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर जाऊ नका, असं स्पष्ट म्हटलंय. तो नमुना आहे, राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. तरी वाजवी म्हणजे काय याचा अंदाज त्यावरून येतो. तुमच्या नोंदवलेल्या करारातही पाहणीचं एक कलम बहुतेक असेलच. काढून वाचा. सह्या करताना ते कोणी वाचत नाही.

माझ्या मते २४ तास हे आणीबाणी नसलेल्या पण अडलेल्या कामासाठी ठीक आहेत. नेहमीच्या वार्षिक पाहणीला आठ-दहा दिवस आधी कळवायला काय हरकत आहे? पावसाळा दरवर्षी येतो, तो काही अचानक उगवत नाही.

आता आमच्याच फ्लॅटचं उदाहरण घेते. इमारत जुनी, फ्लॅट वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. राहतंय एक तरुण जोडपं आणि त्यांचं वर्षाचं बाळ. तो हिंजवडीच्या कंपनीत, काम परदेशी वेळेनुसार, त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत झोपतो. ती घरूनच काम करते. बाळ दुपारी झोपतं. एवढं माहीत असताना सकाळी नऊला किंवा दुपारी दोनला बेल वाजवणारा घरमालक हक्क बजावतोय असं कोणी म्हणेल का? एप्रिलअखेर मी जो मेसेज पाठवला तो इथे देते. कोणाला उपयोग झाला तर उचला.

"नमस्कार. पावसाळ्याआधीची नेहमीची पाहणी करायची आहे. तुमच्याबद्दल कोणाची तक्रार आलेली नाही. तीन गोष्टी बघायच्या आहेत. हॉल आणि मागच्या बेडरूमच्या स्लॅबला ओल धरलीय का, ही एक. दुसरी कॉमन बाथरूमची नहाणी ट्रॅप आणि फरशीचे सांधे, कारण खालच्या मजल्यावर बाथरूमच्या छताला पिवळा डाग दिसतोय. तिसरी म्हणजे मेन बोर्डातला ईएलसीबी. तो तपासताना घरातली वीज पाचेक मिनिटं जाईल, वायफायही बंद पडेल.

मी आणि आपले नेहमीचे प्लंबर, असे दोघंच येऊ. पाऊण तास पुरेल. शनिवार ९ मे सकाळी ११ ते १२, रविवार १० मे संध्याकाळी ४ ते ५ किंवा बुधवार १३ मे सकाळी ११ ते १२, यांतली सोयीची वेळ ५ मेपर्यंत कळवा. तिन्ही जमत नसतील तर तुम्हीच वेळ सुचवा, फक्त २० मेच्या आतली. तुमच्यापैकी कोणी घरी असतानाच येऊ. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडणार नाही.

कपाटं, ड्रॉवर, फ्रिज यांना हात लावणार नाही. बेडरूममध्ये फक्त छत आणि खिडकीचा कोपरा बघू. घर आवरून ठेवायची गरज नाही, बाथरूममधल्या बादल्या तेवढ्या बाजूला असू द्या. फोटो काढावे लागले तर फक्त डागांचे आणि तड्यांचे काढू, आणि निघण्याआधी तुम्हाला दाखवू. तुमच्याकडून काही दुरुस्ती सांगायची राहिली असेल तर तीही कळवा."

कोणी म्हणेल, केवढं हे पुराण! पण यातलं एकेक वाक्य पुढचा एकेक वाद टाळतं. कारण नुसतं "इन्स्पेक्शन" असं लिहिलं की समोरच्याच्या डोक्यात पहिला विचार येतो, आपल्याला काढायचंय की काय, की डिपॉझिट कापायची तयारी चाललीय? छताची ओल, नहाणी ट्रॅप, ईएलसीबी असं लिहिलं की तोच माणूस सांगायला लागतो, "काकू, मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पंख्याच्या हुकाजवळ ओल आली होती, नंतर वाळली." ही माहिती मला मे महिन्यात नुसतं छत बघून कधीच मिळाली नसती, कारण कोरड्या दिवसांत ओल दिसत नाही, फार तर रंगाला पोपडे दिसतात. पाहणीचं निम्मं काम तिथे राहणारा माणूस करतो. त्याला कशासाठी येतोय हे कळलं तरच.

विजेचं वाक्यही असंच. ईएलसीबीवर चाचणीचं छोटं बटण असतं. दाबलं की मेन ट्रिप व्हायला हवा. नाही झाला तर शॉक बसताना तो वाचवेल याचा भरवसा नाही, बदलायलाच हवा. तपासायला क्षणभर लागतो, पण घरून काम करणारीचा कॉल चालू असताना न सांगता बटण दाबून बघा, मग काय ऐकून घ्यावं लागतं ते. तिने ते वाक्य वाचलं आणि कळवलं, "बुधवार नको, अकराला माझी मीटिंग असते. रविवारी चारला या, तोवर बाळही उठलेलं असतं."

२० मे ही तारीखही उगाच टाकलेली नाही. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागतो. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा दुरुस्त करायचा तर कोरडे दिवस हवेत, वर तो पाणी साठवून आठवडाभर मुरवावा लागतो. उलटं मोजत गेलं की २० मे येते. शेवटची तारीख कशामुळे आहे हे भाडेकरूला कळलं की त्यालाही ती हट्ट वाटत नाही.

बाथरूमच्या बाबतीत तर पाहणीच्या आधीच एक काम भाडेकरूकडून करून घेता येतं. मी तिला विचारलं, एका रात्री झोपताना त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवता येईल का? व्हॉल्व्ह बंद ठेवल्यावर गळती थांबली, तर दोष दाबाच्या पाइपात आणि मग टाइल्स फोडायची वेळ येऊ शकते. व्हॉल्व्ह उघडा असताना रात्रभर कोरडं आणि सकाळच्या आंघोळींनंतर थेंब सुरू, असं असेल तर दोष ट्रॅपमध्ये किंवा फरशीच्या सांध्यांत. खालच्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. व्हॉल्व्ह उघडा असलेल्या रात्रीही छत कोरडंच राहिलं आणि आंघोळी झाल्यावर डाग ओला व्हायला लागला. म्हणजे सांधे. रविवारी प्लंबरने ट्रॅपच्या कडेचं ग्राउट नखाने खरवडलं तर भुसाच पडला. जुनं ग्राउट काढून एपॉक्सी भरायचं ठरलं. ते भरल्यावर निदान दिवसभर बाथरूम कोरडं ठेवावं लागतं, म्हणून त्यासाठी पुन्हा वेगळी वेळ मागितली. पाहणीला "या" म्हटलं म्हणजे दुरुस्तीलाही म्हटलं, असं धरून चालू नये. आत शिरलोच आहोत तर उरकून टाकू, ही आपल्या प्लंबरांची आवडती पद्धत. ती तिथेच थांबवायची.

आता जरा बोचणारं. पाहणीच्या नावाखाली पुण्यात काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. फ्लॅट विकायचा असतो म्हणून सोबत एजंट आणि गिऱ्हाईक. मुली राहत असतील तर कोण येतं-जातं याची चौकशी. स्वयंपाकघरात डोकावून पातेल्यात काय शिजतंय याचा अंदाज. यातलं काहीही पाहणीत बसत नाही. गिऱ्हाईक आणायचंय? तसं लिहा, वेगळी वेळ मागा. जास्त माणसं राहतात असा खरंच संशय आहे? मग करारातल्या कलमाचा हवाला देऊन सरळ विचारा. नळाच्या निमित्ताने चपला मोजू नका. आणि काढलेले फोटो सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. ओल्या भिंतीच्या फोटोत कोपऱ्यातले वाळत घातलेले कपडे कसे येतात, ते मी एका ग्रुपवर पाहिलंय.

दुसरी बाजूही आहे. काही भाडेकरू मेसेज वाचतात आणि उत्तरच देत नाहीत. अशा वेळी दोन दिवसांनी फोन करायचा. तरी नाही, तर करारातल्या कलमाचा उल्लेख करून नव्या तारखांसह ईमेल किंवा पोच मिळेल असं पत्र. त्याउपरही टाळाटाळ झाली तर वकिलाकडून नोटीस. पण कुलूप उघडून आत जायचं नाही, आणि पाणी किंवा वीज तोडून वठणीवर आणायचं तर अजिबात नाही. त्याच कायद्याचं २९वं कलम अत्यावश्यक सेवा बंद करायला मनाई करतं. हे उद्योग केलेत तर रास्त बाजू तुमची असूनही तुम्हीच अडचणीत याल.

गॅसचा वास येतोय, दाराखालून पाणी वाहतंय आणि घरात कोणी नाही, तेव्हा मात्र तारखा सुचवत बसायचं नसतं. आधी फोन. लागला नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि एका शेजाऱ्याला सोबत घेऊन दार उघडायचं, नळ किंवा गॅस बंद करायचा, गॅस असेल तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर यायचं. कोण आत गेलं, किती वाजता, काय केलं, हे तिथल्या तिथे भाडेकरूला मेसेज करून कळवायचं. आमच्या करारात मी हे तसंच लिहून घेतलंय. येत्या नूतनीकरणात पाहणीच्या कलमापुढे "किमान ७ दिवस आधी लेखी कळवून" हे शब्दही घालणार आहे. एजंट म्हणाला, "मॅडम, घरमालक असून स्वतःलाच कशाला बांधून घेता?" त्याला म्हटलं, मसुदा मी सांगते तसाच टाइप करा.