सीरमने केस गुदमरत नाहीत, ओल्या केसावरच्या स्ट्रेटनरने तुटतात

"सीरम, हीट प्रोटेक्टंट, लिव्ह-इन क्रीम, सगळं एकच सिलिकॉन. केसावर प्लॅस्टिक बसतं, श्वास कोंडतो नि केस गळतात. त्यापेक्षा खोबरेल लावून स्ट्रेटनर फिरवा." असा सल्ला कानावर येतो.

डोक्याबाहेर आलेला केस म्हणजे मृत केराटिन. तो श्वास घेत नाही. जिवंत भाग त्वचेखाली मुळाशी असतो आणि त्याला पोषण रक्तातून मिळतं. गळलेला केस उजेडात धरून बघा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळापासून आलाय. गाठ नसेल तर मधेच तुटलाय, आणि त्याचं कारण बहुतेकदा घासणं, रसायनं किंवा उष्णता असतं.

सिलिकॉनचा थर बसतो, हे खरं आहे. सीरममधलं सायक्लोपेंटासिलोक्सेन हे हलकं सिलिकॉन उडून जातं आणि मागे डायमेथिकॉनॉलसारख्या सिलिकॉनचा पातळ थर उरतो. त्याने केसावरचे खवले दबतात, गुंता कमी होतो. पाण्याची वाफ मात्र त्यातून ये-जा करते, म्हणून जुलैतल्या कोल्हापुरात सीरम लावूनही केस थोडे फुगतातच. लिव्ह-इन क्रीममध्ये बऱ्याचदा अमोडायमेथिकोन हे सिलिकॉन असतं. ते खराब झालेल्या जागी जास्त चिकटतं. रोज लावून केस जड, चिकट वाटू लागले तर थर साचलाय समजा. नेहमीच्या शाम्पूने तो बराचसा निघतो.

सगळं एकच, हे मात्र साफ चूक. या समजानेच माझ्या बहिणीचे केस तुटले. ती कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, पावसात केस लवकर वाळत नाहीत. बारशाला निघायची घाई, केस अर्धे ओले, दोन थेंब सीरम लावलं आणि 220 अंशांवर स्ट्रेटनर फिरवला. चर्र आवाज आला, वाफ निघाली. पुढच्या काही दिवसांत केस मधूनच तुटायला लागले, काहींवर पांढरे ठिपके. "अगं, सीरम लावलं होतं की!" म्हणाली. पण केसातल्या पाण्याची आतच वाफ होते, बुडबुडे तयार होतात आणि तिथे केस पोकळ होतो. शिवाय कोरडं केराटिन 200 अंशांच्या पुढे बिघडतं, ओलं त्याच्या बरंच आधी. दोन थेंबांचं सीरम हे थांबवू शकत नाही.

हीट प्रोटेक्टंटमध्ये सिलिकॉनसोबत अ‍ॅक्रिलेट किंवा पीव्हीपी जातीचे पॉलिमर असतात. ते केसभर सलग थर धरतात, उष्णता आत हळू पोहोचते. पोहोचतेच, फक्त हळू. त्यामुळे तेच ठिकाण पाच-सहा वेळा दाबलं तर उपयोग नाही. ओल्या केसावर मारायचा स्प्रे असेल तर प्रत्येक बटेवर सारखा मारा, ड्रायरने पूर्ण वाळवा, मग बारीक केसांना 150 ते 170 अंश ठेवून एकदाच स्ट्रेटनर ओढा. सीरम शेवटी, मध्यापासून टोकांकडे.

खोबरेल तेल गुणी आहे, पण धुण्याआधी. त्यातलं लॉरिक आम्ल केसात शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. स्ट्रेटनरच्या 200 अंशांच्या पट्ट्यांखाली कच्चं खोबरेल धुरकटायला लागतं. तिथे ते केसाला वाचवत नाही.