सात दिवसांच्या मुदतीला एक अट पुरत नाही

«मुदतीच्या तारखांचा अख्खा कॉलम निवडा, कंडिशनल फॉर्मॅटिंगमध्ये `=C2<=TODAY()+7` एवढंच लिहा, पुढच्या सात दिवसांतल्या सगळ्या तारखा आपोआप रंगतील. सूत्र नको असेल तर तयार Next Week निवडा, दोन्ही एकच.»

हर्णै बंदरातील नौकांच्या विम्याची आणि परवान्याची यादी एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांमध्येही हा सल्ला फिरतो आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. १ ऑगस्टला नौका पाण्यात उतरताना विमा संपलेला निघाला, तर त्याची किंमत नौकामालकालाच मोजावी लागते. म्हणून हा सल्ला नीट तपासायला हवा.

समजा, आज बुधवार, २३ जुलै २०२५ आहे. C कॉलममध्ये २० जुलै, २५ जुलै, ३० जुलै आणि २ ऑगस्ट या तारखा आहेत आणि एका नौकेची तारीख अजून भरलेली नाही. सल्ल्यातील सूत्र ‘३० जुलै किंवा त्याआधीची’ एवढेच विचारते, त्यामुळे २५ आणि ३० जुलैबरोबर तीन दिवसांपूर्वीच संपलेली २० जुलैही त्याच रंगात दिसते. रिकामा सेलसुद्धा रंगतो, कारण तुलनेच्या वेळी एक्सेल त्याला शून्य मानते आणि शून्य हे कोणत्याही तारखेपेक्षा लहानच असते. वरच्या मर्यादेइतकीच खालची मर्यादाही लागते:

```
=AND($C2>=TODAY(),$C2<=TODAY()+7)
```

आता फक्त २५ आणि ३० जुलै रंगतात. यात आजचा दिवस धरून आठ तारखा बसतात. आजसह सातच हव्या असतील तर दुसऱ्या अटीत `<TODAY()+7` लिहावे. सेलमध्ये तारखेबरोबर वेळही असेल, तर ३० जुलैची संध्याकाळ `<=TODAY()+7` मध्ये बसत नाही, कारण TODAY() मध्यरात्रीपासून मोजते. तेथे `<TODAY()+8` हवे. मुदत उलटून गेलेल्या नौका दुर्लक्षित राहू नयेत यासाठी वेगळ्या रंगाचा दुसरा नियम करावा:

```
=AND($C2<>"",$C2<TODAY())
```

मुदत जवळ आलेली आणि मुदत संपलेली ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्यात नूतनीकरणाचा हप्ता भरायचा असतो, तर दुसऱ्यात ती नौका विम्याशिवाय उभी असते. ती एकाच रंगात मिसळणे मला तरी या सल्ल्यातील सर्वांत मोठा दोष वाटतो.

Next Week हा पर्याय सात दिवस मोजत नाही. तो पुढचा कॅलेंडर आठवडा, म्हणजे रविवार ते शनिवार, घेतो. आपल्या बुधवारी त्याची मर्यादा २७ जुलै ते २ ऑगस्ट अशी होते. परिणामी दोन दिवसांवर आलेली शुक्रवारची २५ जुलै कोरी राहते आणि दहा दिवसांवरची २ ऑगस्ट रंगते.

अख्खा कॉलम निवडण्याची सूचनाही घातक आहे. कॉलमच्या मथळ्यावर क्लिक केले की सक्रिय सेल C1 असतो. सूत्रात मात्र C2 लिहिलेले असते. मग C1 चा रंग C2 वरून, C2 चा C3 वरून ठरतो आणि सगळी रंगसंगती एक ओळ वर सरकते. तारीख एका नौकेची आणि रंग तिच्या वरच्या नौकेला, असे दिसले की हेच घडले आहे असे समजावे. C2 पासून खाली C200 पर्यंत निवड करावी. पूर्ण ओळ रंगवायची असेल तर A2 पासून निवडावे, तेव्हा C च्या आधीचे डॉलर चिन्ह सर्व सेलना तारखेच्याच कॉलमकडे पाहायला लावते.

राहिला ‘सगळ्या’ तारखांचा दावा. संगणकाची तारीखपद्धत अमेरिकन, म्हणजे महिना आधी, असेल तर 25-07-2025 ही तारीख मजकूर म्हणून साठते, कारण पंचविसावा महिना नसतो, आणि मजकूर या दोन्ही सूत्रांत कधीच रंगत नाही. त्याहून फसवी 05-08-2025: ती निमूटपणे ८ मे होते. पहिली चूक ओळखायला शेजारच्या कॉलममध्ये `=ISNUMBER(C2)` लिहावे. FALSE आले की ती तारीख नाही. दुसरी या तपासणीतून निसटते, म्हणून C कॉलमला `dd-mmm-yyyy` हे स्वरूप द्यावे, म्हणजे महिना अक्षरांत दिसतो आणि ऑगस्टच्या जागी 08-May आलेली लगेच डोळ्यांत भरते. अशा तारखा रंगाच्या नियमाने सुधारत नाहीत. संगणकाची तारीखपद्धत दिवस-महिना-वर्ष अशी करून त्या पुन्हा भराव्या लागतात.