mAP50 नव्वद म्हणजे शंभरात नव्वद? नाही हो!

फोटोतल्या वस्तू शोधून त्यांच्याभोवती चौकट काढणाऱ्या मॉडेलबद्दल असा दावा ऐकू येतो:

«मॉडेलचा `mAP50` ९० आला म्हणजे ते शंभरातल्या नव्वद वस्तू बरोबर पकडतं. तिथे आयओयू ०.५ धरतात, म्हणजे चौकट अर्धी चुकली तरी पास. खरा कस `mAP50-95` चा. तो ६० च्या खाली असेल तर मॉडेल फेकून द्या.»

मधल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ती चूक चौकटीच्या वहीवर पडताळता येते. आयओयू म्हणजे दोन चौकटींचा सामाईक भाग भागिले दोन्हींनी मिळून व्यापलेली जागा. १०० बाय १०० पिक्सेलची खरी चौकट घ्या आणि मॉडेलची तेवढीच चौकट १८ पिक्सेल उजवीकडे आणि १८ खाली सरकवा. सामाईक भाग ८२ × ८२ = ६७२४. एकूण जागा २०००० वजा ६७२४, म्हणजे १३२७६. भागाकार जेमतेम ०.५१. दोन्ही दिशांना पाचव्या हिश्श्याहून कमी सरकलं, तरी आपण काठावर आलो. सामाईक भाग घटला की छेदही वाढतो, म्हणून हा आकडा वाटतो त्याहून लवकर कोसळतो.

लहान वस्तूंची तर दैनाच. ४-४ पिक्सेलची तीच चूक १०० च्या चौकटीत ०.८५ देते, १६ च्या चौकटीत ०.३९. म्हणजे लांबची रिक्षा सापडूनही नापास.

आता ‘शंभरात नव्वद’. एका चौकाच्या फोटोत चार रिक्षा आहेत. मॉडेलने पाच चौकटी काढल्या. मॉडेलच्या खात्रीच्या, म्हणजे कॉन्फिडन्सच्या, उतरत्या क्रमाने लावल्या तर निकाल असा: बरोबर, चूक, बरोबर, बरोबर, चूक. (दुसरी चौकट पहिल्याच रिक्षावर पुन्हा बसली होती. एका खऱ्या वस्तूला एकच चौकट मिळते, जास्तीची चूक धरतात.) चारातल्या तीन सापडल्या, म्हणजे रिकॉल ७५ टक्के. पाचातल्या तीन बरोबर, म्हणजे प्रिसिजन ६० टक्के.

`mAP50` ज्यापासून बनतो तो एपी, म्हणजे सरासरी प्रिसिजन, काढताना आपण यादीतून एकेक पायरी खाली उतरतो आणि दर नव्या रिक्षापाशी प्रिसिजन पाहतो. पहिल्या रिक्षाला १, दुसरीला २/३, तिसरीला ३/४. पुढे कुठे जास्त प्रिसिजन मिळत असेल तर मागच्यालाही तेच देतात, म्हणून दुसरीचेही ३/४ होतात. चौथी सापडलीच नाही, तिचं शून्य. सरासरी (१ + ०.७५ + ०.७५ + ०) ÷ ४ = ०.६२५. हा ७५ही नाही आणि ६०ही नाही.

पुढची गंमत बघा. त्याच यादीच्या शेवटी अगदी कमी कॉन्फिडन्सच्या ९५ भंकस चौकटी जोडा. शंभरात तीन बरोबर, प्रिसिजन ३ टक्क्यांवर. एपी मात्र ०.६२५च! क्रम तोच राहिला, नवी रिक्षा एकही सापडली नाही, मग आकडा हलायचं कारणच नाही. एपी फक्त क्रमवारी जोखतो, आणि कॉन्फिडन्स कुठे कापायचा हे तो सांगत नाही. `YOLO` मॉडेलं बनवणाऱ्या अल्ट्रालिटिक्सच्या चाचणीत हा काप मुळातच `conf=0.001` असतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ०.२५ ला चालणारं मॉडेल आणि त्या आकड्यामागचं मॉडेल यांचं वागणं निराळं असतं. रिक्षा मोजायच्या असतील तर स्वतःच्या फोटोंवर, स्वतःच्या कापावर, किती सुटल्या आणि किती फुकट मोजल्या ते पाहा. शिवाय एमएपीमधला ‘एम’ हा सगळ्या वर्गांची सरळ सरासरी आहे. कार हजारो आणि बैलगाड्या दहा असल्या, तरी दोघींचं वजन सारखंच.

राहिलं ‘फेकून द्या’. `mAP50-95` ही कोको या प्रसिद्ध फोटोसंचाची पद्धत: ०.५० पासून ०.९५ पर्यंत ०.०५ च्या दहा पायऱ्या, प्रत्येकीचा वेगळा एपी, मग सरासरी. वरच्या पायऱ्या किती निर्दय आहेत ते त्याच १०० च्या चौकटीवर बघा. दोन्ही दिशांना दोनच पिक्सेल सरकवली की आयओयू ०.९२, म्हणजे ०.९५ ला नापास. ‘खरी’ चौकटसुद्धा कुणीतरी माउसने काढलेली असते. दोन माणसं एकाच रिक्षाभोवती चौकट काढताना एवढ्यावर सहज चुकतात. `YOLOv8` घराण्यातलं सर्वांत मोठं `YOLOv8x` कोकोवर ५३.९ ला थांबतं. वरच्या नियमाने तेही भंगारात.

आणि उलट बाजूनेही हा आकडा तारत नाही. नंबरप्लेट वाचायची आहे, प्लेट २०० पिक्सेल रुंद, त्यावर एका ओळीत दहा अक्षरं, प्रत्येकी साधारण २० पिक्सेल. मॉडेलची चौकट उजवीकडे फक्त २० पिक्सेल आखूड पडली, बाकी तंतोतंत. आयओयू १८० ÷ २००, म्हणजे ०.९. दहातल्या नऊ पायऱ्या पास, आणि शेवटचा आकडा चौकटीबाहेर.